बिल्डरचं सबस्क्रिप्शन घ्यावं की वर्डप्रेस शिकावं? (भाजणी, मेतकूट आणि दोन मैत्रिणींचं भांडण)

सई_कर्वेनगर | १२ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. काल कर्वे रस्त्यावरच्या अमृततुल्यात माझं आणि माझ्या मैत्रिणीचं जे झालं ते जसंच्या तसं देते. ती घरून भाजण्या, मेतकूट, चटण्या, डांगर करून विकते. एकूण चौदा पदार्थ. सगळं व्हॉट्सॅपवर चालतं, आणि "ताई, मेतकुटाचा भाव काय?" याला दिवसातून वीस वेळा उत्तर देऊन ती कंटाळली आहे. दिवाळीआधी वेबसाइट हवी आहे. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वेबसाइटमधलं मला फक्त उघडता येतं.

ती : मी तो वेबसाइटचा बिल्डर घेतेय. महिना नऊशे नव्याण्णव. रविवारी बसले आणि अर्ध्या तासात मेतकुटाचं पान तयार झालं. फोटो ओढला, टाकला.
मी : आणि पुढच्या वर्षी?
ती : पुढच्या वर्षी परत भरायचे.
मी : आणि त्याच्या पुढच्या?
ती : तू गॅसचं बिल एकदाच भरतेस का गं?
मी : गॅस बदलला तर कढई आपलीच राहते. इथे कढईसुद्धा त्यांची.
ती : मग वर्डप्रेस शिकू म्हणतेस? कधी? भाजणी भाजताना?
मी : फुकट आहे ना पण.
ती : माझा वेळ फुकट आहे, असं म्हण सरळ.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून चहाचे पैसे मी दिले. आता तुम्ही सांगा. दोघींपैकी कोण बरोबर?

---

बिनधास्त_बाळू | १२ ऑगस्ट, रात्री ९.५२

बिल्डरला दरमहा पैसे अजिबात देऊ नका. आधी रेरा नंबर बघा. आमच्या चुलत्यांनी पुनावळ्याला असेच हप्ते भरले, चार वर्षं झाली, अजून ताबा नाही.

---

नारायणपेठी | १२ ऑगस्ट, रात्री ९.५८

बाळू, शीर्षकानंतरचा मजकूरही वाचायची पद्धत आहे इथे.

---

बिनधास्त_बाळू | १२ ऑगस्ट, रात्री १०.०१

वाचला. सल्ला तोच.

---

अण्णा_टेकडीवाले | १३ ऑगस्ट, सकाळी ६.१५

यात वाद कसला? वर्डप्रेस फुकट आहे. मी २०११ पासून माझी टेकडीवरच्या पक्ष्यांची अनुदिनी त्यावर लिहितो आहे. एक पैसा भरलेला नाही, काही शिकलोही नाही. खातं उघडलं आणि लिहायला लागलो. मैत्रिणीला सांगा, आज खातं उघड, उद्या भाजणी विकायला लाग.

---

कळफलक | १३ ऑगस्ट, सकाळी १०.२०

अण्णा, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात लोक फसतात, म्हणून लिहितो. तुम्ही ज्यावर लिहिता ते वर्डप्रेस डॉट कॉम. ती एका कंपनीची सेवा आहे, म्हणजे सईताईंच्या मैत्रिणीच्या बिल्डरचीच भावंड म्हणा. फुकट खात्यात पत्ता त्यांच्या नावाचा असतो, जाहिराती त्यांच्या लागतात, आणि पूर्ण दुकान थाटायचं म्हटलं की तिथेही सबस्क्रिप्शन येतंच. लोक जे "वर्डप्रेस शिकतो" म्हणतात ते वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारं सॉफ्टवेअर. २००३ पासूनचं, मुक्त परवान्याचं. ते फुकट हे खरंच, पण ते ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते आणि ती झाडावी आपल्यालाच लागते.

धंदा माझा हाच आहे, चौदा वर्षं वर्डप्रेसच्या साइट करतो. तरीही सईताईंची मैत्रीण निम्मी बरोबर आहे असं म्हणेन. दुपारी सविस्तर लिहितो, आत्ता एकाची साइट पडली आहे.

---

नारायणपेठी | १३ ऑगस्ट, सकाळी १०.३१

शेवटचं वाक्य हेच सविस्तर उत्तर नव्हे काय?

---

विश्वास_नाशिक | १३ ऑगस्ट, सकाळी ११.०५

+१ नारायणपेठी. हसायचं सोडा, मुद्दा तोच आहे. माझं नाशिकला बेदाणे आणि सुक्या मेव्याचं छोटं दुकान आहे. तीन वर्षं बिल्डरवर आहे. या तीन वर्षांत साइटच्या आतल्या भागाला मी हात लावलेला नाही, फक्त भाव बदलतो. माझा भाचा वर्डप्रेसवाला, दर शनिवारी काहीतरी अपडेट करत बसलेला असतो. ज्याला भाजणी विकायची त्याने नळजोडणी कशाला शिकायची? प्लंबर बोलवा, नाहीतर सोसायटीत राहा. सोसायटीचा मेंटेनन्स म्हणजे ते नऊशे नव्याण्णव.

---

लेखापाल | १३ ऑगस्ट, दुपारी १.१०

कोणी हिशेबच मांडला नाही म्हणून मी मांडतो. सईताई, तुम्ही अकाउंट्सच्या आहात, चूक असली तर पकडा.

९९९ ला बारा महिने म्हणजे ११,९८८. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाचे साधारण १४,१४६. आता वर्डप्रेस. होस्टिंगच्या जाहिरातीत "महिना १४९" दिसतं, पण तो भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच असतो. म्हणजे ७,१५२ अधिक कर, आज खिशातून जातात ८,४३९. चार वर्षांनी नूतनीकरणाचा भाव वेगळा. माझ्या होस्टिंगचा ३९९ झाला, म्हणजे कर धरून वर्षाला ५,६५०. डोमेनचे हजार-बाराशे दोन्हीकडे धरा. पेमेंट गेटवेचा कट दोन्हीकडे साधारण तोच. तेव्हा चार वर्षांत फरक पडतो पन्नास हजारांच्या आतबाहेर. त्यात मैत्रिणीचे किती रविवार जातात ते तुम्ही मोजा, ते मला मोजता येत नाही.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. निदान २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि १५,००० च्या वरची रक्कम ओटीपीशिवाय कापली जात नाही. आधी ती मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. वर्षाचे १४,१४६ जेमतेम आत बसतात. पण "दोन वर्षांचं घ्या, स्वस्त पडेल" याला भुललात की नूतनीकरणाच्या दिवशी आपोआप काही होत नाही. बिल्डर ईमेल पाठवतो, ती प्रमोशनच्या टॅबमध्ये पडते, आणि एक दिवस दुकान बंद. आमच्या एका अशिलाचं असं झालं. त्याला वाटलं इंटरनेट गेलं, म्हणून त्याने राउटर बदलला.

---

गंधाली_प | १३ ऑगस्ट, दुपारी १.२५

राउटर 😂😂

सई, तुझ्या मैत्रिणीकडे डांगराचं पीठ मिळतं का? आणि वारजे भागात घरपोच होतं का?

---

सई_कर्वेनगर | १३ ऑगस्ट, दुपारी १.४०

होतं, पण आत्ता ऑर्डर घ्यायला व्हॉट्सॅपच आहे ना, तोच तर प्रश्न आहे 🙂 विपू करते तुला.

लेखापाल, हिशेब बरोबर आहे. मी तिला दाखवला. ती म्हणाली, "चार वर्षांत पन्नास हजार म्हणजे महिना हजार. तेवढ्यात माझं डोकं शांत राहणार असेल तर महाग नाही." मी पुन्हा गप्प.

---

कळफलक | १३ ऑगस्ट, दुपारी ४.४५

आलो. सकाळी जी साइट पडली होती तिचीच गोष्ट सांगतो, म्हणजे "शिकणे" म्हणजे काय ते कळेल.

चिंचवडच्या एक काकू लोणची विकतात. साइट एका मुलाने करून दिली, तो नंतर बंगळूरला गेला. सकाळी काकूंचा फोन, "साइटवर इंग्रजी आलंय." काय आलं होतं तर हे:

```
There has been a critical error on this website.
```

बाकी पान कोरं. घाबरण्यासारखं काही नसतं, पण हे आधी पाहिलेलं असावं लागतं. कारण असं की वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीची जुनी आवृत्ती होस्टिंगवाल्यांनी रात्री काढून नवी टाकली. जुन्या आवृत्तीला २०२२ च्या नोव्हेंबरनंतर सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, त्यामुळे त्यांचंही चूक नाही. पण काकूंच्या साइटवर कुरिअरचा दर काढणारं एक प्लगिन होतं, चार वर्षं कोणी न जपलेलं. ते नव्या पीएचपीत कोसळलं आणि जाताना अख्खी साइट घेऊन गेलं.

अशा वेळी वर्डप्रेस स्वतःहून एक ईमेल पाठवतं. कुठलं प्लगिन कोसळलं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि आत शिरायला एक खास दुवा असतो. २०१९ पासून ही सोय आहे. पण ती ईमेल जाते साइटच्या ॲडमिनच्या पत्त्यावर. काकूंच्या साइटचा ॲडमिन पत्ता कोणाचा? बंगळूरला गेलेल्या मुलाचा. कॉलेजचा, बंद पडलेला.

मग होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून `wp-content` मध्ये गेलो आणि `plugins` या फोल्डरचं नाव बदलून `plugins-band` केलं. त्याबरोबर वर्डप्रेसला एकही प्लगिन सापडेना, आणि साइट उठली. दुकान नाही, नुसती पानं, पण उठली. मग ॲडमिनमध्ये प्लगिनच्या पानावर एकदा जाऊन आलो, तिथे सगळी बंद झाल्याची नोंद झाली. फोल्डरला जुनं नाव परत दिलं आणि एकेक प्लगिन चालू करत गेलो. पाचव्याला साइट पुन्हा झोपली. तोच चोर. एकूण वीस मिनिटं.

ही वीस मिनिटं म्हणजे वर्डप्रेस शिकणं. पानावर फोटो टाकणं नव्हे. फोटो तर दोन्हीकडे ओढूनच टाकायचे असतात, वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर २०१८ च्या डिसेंबरपासून आहे. सईताई, मैत्रिणीला "जमेल का" हे विचारू नका. "दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भाजणी अर्धी भाजून झालीय आणि साइट पडली, तर तू गॅस बंद करून हे करशील का" असं विचारा.

---

विश्वास_नाशिक | १३ ऑगस्ट, सायंकाळी ५.०२

म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही जास्त शब्दांत सांगितलंत.

---

कळफलक | १३ ऑगस्ट, सायंकाळी ५.१०

निम्मं. तुम्ही तीन वर्षांत तिथून बाहेर पडायचा प्रयत्न केलेला नाही, म्हणून दार कुठं आहे ते तुम्हाला पाहावं लागलेलं नाही.

---

मेघना_टी | १३ ऑगस्ट, रात्री ८.३०

मी केलाय प्रयत्न. दाराची गोष्ट मी सांगते.

माझे धायरीला मातीकामाचे वर्ग असतात, शिवाय भांडी विकते. चार वर्षं एका बिल्डरवर होते, नाव घेत नाही. तक्रार अशी काहीच नव्हती, फक्त दुकानाचा प्लॅन दरवर्षी वर जात होता. तेव्हा ठरवलं वर्डप्रेसवर जायचं, ३१ मार्चला वर्ष संपतं त्याच्या आत.

लेख आणि पानं बाहेर काढायची सोय माझ्या बिल्डरवर होती, एक्सएमएल फाइल मिळाली. (ही सोय सगळीकडे नसते, काही ठिकाणी साइट बाहेर काढताच येत नाही, ते आधी वाचा.) ती वर्डप्रेसमध्ये चढवली. सगळे लेख आले, फोटोही दिसले. खूश होऊन मी जुनं सबस्क्रिप्शन बंद करून टाकलं. महिनाभराने एका मुलीचा मेसेज, "ताई, तुमच्या साइटवर नुसत्या राखाडी चौकटी दिसतायत."

झालं असं होतं की त्या फाइलमध्ये फोटो नसतातच. फोटोंचे पत्ते असतात. चढवताना `Download and import file attachments` अशी एक चौकट असते, तिथे खूण केली तर वर्डप्रेस जुन्या जागेवरून एकेक फोटो ओढून आणतं. मी खूण केली नव्हती. फोटो दिसत होते ते जुन्या सर्व्हरवरूनच येत होते. ते बंद झालं आणि फोटो गेले. आता कळतं, तेव्हा फोटोवर राइट क्लिक करून त्याचा पत्ता बघितला असता तरी समजलं असतं. पत्ता जुन्या कंपनीच्या नावाचा होता. नाहीतर मीडिया लायब्ररी उघडायची. साठ लेख आणि लायब्ररीत शून्य फोटो, यावरून शहाणं माणूस ओळखतं.

फोटो फोनमध्ये होते म्हणून वाचले. दोनशे अकरा फोटो परत चढवले. दोन रविवार आणि एक गुढीपाडवा.

आणि डोमेन! पहिल्या वर्षी फुकट म्हणून बिल्डरकडूनच घेतलं होतं. हलवायच्या आधी तपशील बघितले तर माझं आडनाव चुकीचं लिहिलेलं. मी शहाणपणा करून ते दुरुस्त केलं. त्याबरोबर साठ दिवस कुलूप. मालकाचं नाव बदललं की तेवढे दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही म्हणे. एक स्पेलिंग सुधारलं आणि दोन महिने अडकले.

---

कळफलक | १३ ऑगस्ट, रात्री ९.१५

मेघनाताई, फोटोंचं अगदी असंच होतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या "साइट हलवली, बिघडली" प्रकरणांत हेच निघतं.

पण डोमेन हलवायची घाई नव्हती. डोमेन तिथेच ठेवून, त्याच्या डीएनएसमध्ये फक्त ए रेकॉर्ड बदलून नव्या होस्टिंगचा आयपी दिला असता तर साइट नव्या जागेवरून चालली असती. कुलूप नोंदणी दुसऱ्या कंपनीकडे नेण्यावर असतं, दिशा बदलण्यावर नसतं. पाटी तिथेच ठेवायची, बाण फिरवायचा.

---

मेघना_टी | १३ ऑगस्ट, रात्री ९.२८

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. 😐 आमच्याकडे तो बदलता येत होता की नव्हता, तेही आता आठवत नाही.

---

मी_शिकतोय | १३ ऑगस्ट, रात्री १०.४०

एक शंका विचारू का? थोडी वेगळी आहे. मी वर्डप्रेस शिकतोय आणि मराठीत पानं करतोय. लांब शीर्षक दिलं की पत्ता मध्येच तुटतो. परवा "उपासाच्या थालीपीठाची भाजणी" लिहिलं (हो, हा धागा वाचून) तर पत्त्यात शेवटी "भाज" एवढंच आलं. "णी" गेली कुठे? माझंच काही चुकतंय का?

---

कळफलक | १३ ऑगस्ट, रात्री ११.०५

चुकत नाहीये. वर्डप्रेस पानाचा पत्ता दोनशे अक्षरांच्या रकान्यात ठेवतं. इंग्रजीला ते ढीगभर झालं. पण देवनागरी तिथे सांकेतिक रूपात जाते, आणि आपल्या एकेका अक्षराला नऊ जागा लागतात. "क" म्हणजे हे:

```
%e0%a4%95
```

त्यात काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजली जाते. म्हणून बावीसच्या आसपास आपली गाडी थांबते. तुमच्या शीर्षकात "उपासाच्या"चे नऊ, "थालीपीठाची"चे दहा, मध्ये दोन आडव्या रेघा, मग "भाज"पाशी बरोबर दोनशे भरतात. "णी"ला जागाच उरत नाही.

बिघडत काही नाही, पान उघडतं. पण "उपासाच्या थालीपीठाची भाजणी, अर्धा किलो" आणि "एक किलो" अशी दोन पानं केलीत तर दोघांचेही पत्ते "भाज"पाशीच तुटतात, आणि दुसऱ्याला वर्डप्रेस शेवटचं थोडं आणखी छाटून `-2` चिकटवतं. पुढे कुठलं कुठलं ते कळेनासं होतं. व्हॉट्सॅपवर पाठवल्यावर तो दुवा म्हणजे टक्क्यांची माळ दिसते, ते वेगळंच. शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता हाताने `upas-bhajani` असा छोटा द्या. पान प्रसिद्ध करायच्या आधी द्या.

---

नारायणपेठी | १३ ऑगस्ट, रात्री ११.१२

भाजणीची भाज झाली. मराठीची गळचेपी आता रकान्यांपर्यंत पोचली तर.

---

अण्णा_टेकडीवाले | १४ ऑगस्ट, सकाळी ६.१०

कळफलक यांचे आभार. तेरा वर्षं मी स्वतःला वर्डप्रेस येतं असं समजत होतो. काल रात्री माझी अनुदिनी लॉगआउट करून पाहिली. नवरंगाच्या फोटोखाली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आहे. लोक माझं वय ओळखूनच भेटायला यायचे की काय!

---

ऋता_के | १४ ऑगस्ट, सकाळी ११.३०

"वर्डप्रेसवर म्हणजे सगळं आपलं" याला माझा विरोध. माझ्या संस्थेची साइट वर्डप्रेसवरच होती, पण आत पानं रचायला एक पेज बिल्डर प्लगिन घातलं होतं. त्याचेही पैसे वेगळे! दोन वर्षांनी ते प्लगिन बंद केलं तर प्रत्येक पानावर

```
[vc_row][vc_column][vc_column_text]
```

असल्या कंसांची रांगोळी. मजकूर मध्ये कुठेतरी होता, बाकी सगळी मांडणी गेली. म्हणजे बिल्डर दारातून घालवला आणि खिडकीतून आला. सई, तू मैत्रिणीला वर्डप्रेस शिकवणार असशील तर काय शिकवणार ते आधी ठरव. पहिल्याच दिवशी यूट्यूबवाला असलं एखादं प्लगिन टाकायला लावतो, मग ती वर्डप्रेस शिकत नाही, ते प्लगिन शिकते.

---

कळफलक | १४ ऑगस्ट, दुपारी १२.१५

ऋताताई, हे मीच लिहायला हवं होतं. पूर्ण सहमत. ग्राहकाला पटकन दाखवायला मीही ती प्लगिनं वापरली आहेत, हे कबूल करतो. सगळीच कंस मागे ठेवत नाहीत, काही साधा मजकूर तरी ठेवतात. पण मांडणी कोणीच ठेवत नाही. चौदा पदार्थांच्या दुकानाला वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन आणि साधी थीम एवढं पुरतं.

---

विश्वास_नाशिक | १४ ऑगस्ट, दुपारी १२.४०

तुम्ही सगळे बाहेर कसं पडायचं तेच बोलताय. अजून ती आत गेली नाही. आत गेल्यावर पहिल्या दिवशी काय लागतं ते सांगू? पेमेंट गेटवे चालू करायला परतावा धोरण, गोपनीयता, अटी आणि संपर्काचा पत्ता अशी पानं साइटवर दिसायला लागतात, नाहीतर अर्ज लटकतो. माझा आठ दिवस लटकला होता. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर तयार ठेवा. आणि बिल्डरच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये पैसे स्वीकारता येतात का ते बघा. पुष्कळ ठिकाणी येत नाहीत, नुसतं पान दाखवता येतं. ९९९ चा आहे तो कुठला, सईताई?

---

सई_कर्वेनगर | १४ ऑगस्ट, दुपारी १.०५

थांबा, विचारते.

---

सई_कर्वेनगर | १४ ऑगस्ट, दुपारी १.३०

नुसतं पान दाखवायचा. दुकानाचा १,३४९ आहे. तिने ९९९ चाच धरला होता. लेखापाल, तुमचा हिशेब पुन्हा मांडावा लागणार.

---

लेखापाल | १४ ऑगस्ट, दुपारी १.५०

१,३४९ गुणिले बारा, १६,१८८, कर धरून १९,१०२. आणि आता १५,००० च्या वर गेलात. वार्षिक घेतलंत तर नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा.

---

गंधाली_प | १५ ऑगस्ट, सकाळी १०.००

डांगर मिळालं. अप्रतिम. धाग्याशी संबंध नाही, क्षमस्व.

---

सई_कर्वेनगर | २ सप्टेंबर, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगते.

मैत्रिणीने दोन रविवार वर्डप्रेसला दिले. ब्राउझरमध्येच चालतं तसलं एक सरावाचं वर्डप्रेस असतं, त्यात वूकॉमर्स टाकून तिने सहा पदार्थ चढवले, पदार्थांचे गट केले, पत्ते इंग्रजीत छोटे दिले (कळफलक, तुमचं ऐकलं). मग कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली आणि सेव्ह न करता टॅब बंद केला. तीन तास गेले. मला फोन केला आणि पहिलं वाक्य : "भाजणी निदान जळल्याचा वास येतो."

मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, कळतंय मला, फक्त दिवाळीआधी नाही. मग बसून असं ठरवलं. बिल्डरचा दुकानाचा प्लॅन घ्यायचा, पण महिन्याच्या बोलीवर, महाग पडला तरी चालेल. वर्षाचं भरायचं नाही. डोमेन बिल्डरचं फुकटवालं घ्यायचं नाही, वेगळं विकत घ्यायचं. चौदा पदार्थांची नावं, भाव, वजनं, वर्णनं एका शीटमध्ये, फोटो आपल्या ड्राइव्हवर, बिल्डरमध्ये तिथून चढवायचे. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा वर्डप्रेस. तेव्हा जमलं तर जमलं.

मी अजून म्हणते की हा दोनदा खर्च आहे. ती म्हणते, पहिला खर्च दिवाळीचा, दुसरा शिकण्याचा, गल्लत करू नकोस.

---

मेघना_टी | २ सप्टेंबर, रात्री १०.४०

शीटची कल्पना चांगली. एक विचारते, नंतर हलवताना ग्राहकांकडे गेलेले जुने दुवे तुटतील ना? माझे तुटले. लोकांनी व्हॉट्सॅपवर जपून ठेवलेले दुवे अजून कोऱ्या पानावर जातात.

---

कळफलक | ३ सप्टेंबर, सकाळी ९.५०

डोमेन तिचं असेल तर सांधता येतात. समजा बिल्डरवर पत्ता `/product-page/metkut` असा आहे, आणि वूकॉमर्समध्ये तोच `/product/metkut` होतो. शेवटचा तुकडा दोन्हीकडे सारखा ठेवला तर नव्या होस्टिंगवर `.htaccess` मध्ये एक ओळ पुरते (अपाची किंवा त्याच्यासारखा सर्व्हर असेल तर):

```
RedirectMatch 301 ^/product-page/(.*)$ /product/$1
```

म्हणून आत्ता बिल्डरमध्येही पत्ते छोटे आणि इंग्रजीतच ठेवा, आणि शीटमध्ये त्यांचा एक रकाना करा. मेघनाताई, तुमचेही अजून सांधता येतील, मला व्यनि करा.

सईताई, एक राहिलं. डोमेन कोणाच्या नावावर, कोणाच्या ईमेलवर घेतलं?

---

सई_कर्वेनगर | ३ सप्टेंबर, सकाळी १०.२०

…माझ्या. तिचं कार्ड चालत नव्हतं म्हणून मी माझ्या खात्यातून घेतलं. डॉट कॉम आहे. बदलते ना आजच.

---

मेघना_टी | ३ सप्टेंबर, सकाळी १०.२४

साठ दिवस!

---

बिनधास्त_बाळू | ३ सप्टेंबर, सकाळी १०.२६

ताबा कोणाकडे, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.